व्हिक्सची रेषा उलटते तेव्हा

१९७३ साली शिकागोत ऑप्शनचा, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काचा, पहिला संघटित बाजार सुरू झाला आणि त्याच वर्षी ब्लॅक आणि शोल्स यांचं सूत्र छापून आलं. त्या सूत्रात एक सोयीचं गृहीतक आहे: भाव किती जोरात वर-खाली होतील याचं माप, म्हणजे व्होलॅटिलिटी, एक्सपायरीपर्यंत, म्हणजे हक्काची मुदत संपेपर्यंत, एकच राहतं. हे खरं असतं तर महिन्याभराच्या ऑप्शनचा प्रीमियम, म्हणजे त्याची किंमत, घ्या किंवा तीन महिन्यांच्या, सूत्रात उलटा हिशेब केल्यावर आकडा एकच निघाला असता. प्रत्यक्षात तो सहसा वेगवेगळा निघतो. प्रीमियममधून असा उलट्या हिशेबाने काढलेला आकडा म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, आपल्याकडच्या ट्रेडरच्या तोंडी ‘आयव्ही’. जवळच्या एक्सपायरीपासून लांबच्या एक्सपायरीपर्यंत आयव्हीचे आकडे ओळीने मांडले की जी रेषा तयार होते, ती टर्म स्ट्रक्चर.

शांत दिवसांत ही रेषा डावीकडून उजवीकडे चढत जाते. आज शांतता असली तरी ती कायम टिकत नाही हे बाजाराला ठाऊक असतं, म्हणून लांबचे महिने थोडे जास्त अस्थिर धरले जातात. शिवाय लांबच्या मुदतीचा ऑप्शन, म्हणजे एक प्रकारचा विमा, विकणारा अनिश्चिततेचा मोबदला वेगळा मागतो. मोठी पडझड सुरू झाली की हीच रेषा उलटते. जवळची आयव्ही लांबच्या आयव्हीच्या वर जाते. फ्युचर्सच्या, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या, भाषेत चढत्या रेषेला कॉन्टँगो आणि उतरत्या रेषेला बॅकवर्डेशन म्हणतात.

रेषा उलटण्यामागचा स्वभाव ऑप्शनच्या बाजाराआधीच ओळखला गेला होता. बेन्वा मँडेलब्रो यांनी १९६३ साली कापसाच्या भावांचा अभ्यास करताना नोंदवलं की मोठ्या हालचालीपाठोपाठ मोठ्या हालचाली येतात आणि छोट्यांपाठोपाठ छोट्या. १९८२ मध्ये रॉबर्ट एंगल यांनी या स्वभावाला गणिती रूप दिलं: अस्थिरता उसळते, काही काळ टिकते आणि हळूहळू आपल्या सरासरीकडे परत येते. मग आज बाजार तापलेला असेल तर पुढचा महिना नक्कीच तापलेला धरायचा, पण त्यानंतरचे महिने थोडे निवलेले. उलट्या रेषेचा पाया इथे आहे.

१९८९ मध्ये जेरेमी स्टाइन यांनी एस अँड पी १०० या अमेरिकी शेअर निर्देशांकाच्या ऑप्शनवर हा विचार तपासला. जवळची आयव्ही हलते तेव्हा लांबची किती हलायला हवी हे सरासरीकडे परतण्याच्या वेगावरून काढता येतं. त्यांना दिसलं की लांबची आयव्ही त्यापेक्षा जास्त हलते. बाजार आजची भीती जरुरीपेक्षा लांबवर ताणतो, असा त्याचा अर्थ. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. लांबचं टोक अशा अतिरेकी घाईने वर येत असूनही जवळचं टोक त्याच्या पुढे निघून जात असेल, तर जवळची भीती खरोखरच मोठी असली पाहिजे.

तोवर ही रेषा अभ्यासकांच्या आणि मोठ्या डीलरांच्या कागदावरच होती. १९९३ मध्ये शिकागोच्या त्या ऑप्शन बाजाराने रॉबर्ट व्हेली यांच्या रचनेवर व्हिक्स हा आयव्हीचा निर्देशांक सुरू केला. २००३ मध्ये त्याची पद्धत बदलून तो एस अँड पी ५०० च्या ऑप्शनच्या अनेक स्ट्राइकच्या, म्हणजे ठरलेल्या भावांच्या, प्रीमियमवर बेतला गेला. पण व्हिक्स फक्त ३० दिवसांबद्दल बोलतो, म्हणजे तो रेषेवरचा एकच बिंदू आहे. २६ मार्च २००४ रोजी व्हिक्सचे फ्युचर्स सुरू झाले आणि पुढच्या महिन्यांचे बिंदूही स्क्रीनवर दिसू लागले. २००७ मध्ये तीन महिन्यांचा भाऊबंद निर्देशांकही आला. तेव्हापासून ‘रेषा उलटली का?’ हा प्रश्न दोन आकड्यांच्या तुलनेवर आला: ३० दिवसांचा आकडा तीन महिन्यांच्या वर आहे का?

उलटी रेषा नेमकं काय सांगते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा ३० दिवसांची आयव्ही ४० आहे आणि ९३ दिवसांची ३०. आयव्हीची सरळ बेरीज होत नाही, तिच्या वर्गाची, म्हणजे व्हेरियन्सची होते. ९३ दिवसांचा एकूण व्हेरियन्स ९३ गुणिले ९००, म्हणजे ८३,७००. त्यातले पहिल्या ३० दिवसांचे ३० गुणिले १,६००, म्हणजे ४८,०००. उरले ३५,७००, आणि ते ६३ दिवसांत वाटायचे. भागाकार साधारण ५६७, त्याचं वर्गमूळ जवळपास २४. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यासाठी बाजाराने धरलेली आयव्ही तीन महिन्यांच्या आकड्यावर दिसते तशी ३० नाही, २४ आहे. वार्षिक आयव्हीला १६ ने भागलं की रोजची अपेक्षित हालचाल ढोबळमानाने मिळते, कारण वर्षातल्या सुमारे २५२ सत्रांचं वर्गमूळ १६ च्या आसपास आहे. तेव्हा बाजार म्हणतोय: महिनाभर रोज अडीच टक्के, नंतर रोज दीड टक्का.

म्हणून उलटी रेषा दोन गोष्टी एकदम सांगते. भीती आत्ताची आहे, आणि ती ओसरेल असंही बाजार धरून चाललाय. पहिली गोष्ट सगळे वाचतात, दुसरी बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

तिसरी एक गोष्ट मात्र ती सांगत नाही: भाव कुठल्या दिशेने जाणार. २० नोव्हेंबर २००८ ला व्हिक्स ८०.८६ वर बंद झाला. बाजाराचा तळ मात्र ९ मार्च २००९ ला लागला. तोवर एस अँड पी ५०० आणखी दहा टक्क्यांनी खाली गेला होता, तरी व्हिक्स त्या दिवशी ५० च्या जरा खालीच होता. २०२० मध्ये १६ मार्चला व्हिक्स ८२.६९ या विक्रमी पातळीवर बंद झाला आणि बाजाराचा तळ आठवड्याने, २३ मार्चला आला. तेव्हा व्हिक्स ६१ च्या आसपास उतरला होता. दोन्ही वेळी भीतीचं टोक आधी गाठलं गेलं, भावाचा तळ नंतर. रेषा घसरणीचा वेग मोजते, खोली नाही. आणि ती बहुधा पडझडीसोबतच उलटते, आधी इशारा देत नाही. जो ट्रेडर रेषा उलटल्याचं पाहून घाबरून पुट, म्हणजे विकण्याचा हक्क, घ्यायला धावतो, तो सर्वात महाग प्रीमियम मोजतो.

काही वेळा रेषा पडझडीशिवायही उलटते, आणि हे आपल्या निफ्टीच्या बाजारात निवडणुकीच्या वेळी फार स्पष्ट दिसतं. समजा आठवड्याच्या एक्सपायरीत पाच सत्रं आहेत, त्यातली चार नेहमीची, आयव्ही १५ ची, आणि एक निकालाचा दिवस. आठवड्याच्या ऑप्शनची आयव्ही ३० दिसतेय. पाच सत्रांचा व्हेरियन्स ५ गुणिले ९००, म्हणजे ४,५००. चार साध्या दिवसांचे ४ गुणिले २२५, म्हणजे ९०० वजा केले की निकालाच्या एका दिवसावर ३,६०० उरतात. वर्गमूळ ६०, त्याला १६ ने भागलं की पावणेचार टक्के. त्या एका दिवशी एवढी हालचाल बाजाराने धरलीय. हाच दिवस वीस सत्रांच्या मंथली एक्सपायरीत मिसळला की आयव्ही २० च्या आसपास येते आणि तीन महिन्यांत १७ च्या खाली. रेषा तीव्र उलटी दिसते, पण पसरत जाणारी भीती तिथे नाही. कॅलेंडरवरची एक तारीख आहे आणि ती जवळच्या एक्सपायरीत सर्वात जड पडते. असा उंचवटा तारीख उलटली की नाहीसा होतो. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निफ्टी ५.९३ टक्क्यांनी पडला. इंडिया व्हिक्स २७ च्या जवळ बंद झाला आणि दुसऱ्याच दिवशी १९ च्या खाली आला. एवढी मोठी घसरण होऊनही भीती टिकली नाही, कारण प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

रेषेच्या इतिहासातला सर्वात कडू प्रसंग वेगळाच आहे, कारण त्यात रेषा स्वतःच पडझडीचं कारण झाली. कॉन्टँगोत व्हिक्सचे फ्युचर्स एक्सपायरी जवळ येईल तसे खाली, व्हिक्सच्या पातळीकडे सरकतात. फ्युचर्स विकून बसणाऱ्याला ती घसरण हातात मिळते. क्रेडिट स्विस बँकेची एक्सआयव्ही नावाची, शेअरसारखी घेता-विकता येणारी नोट हेच रोज करत होती आणि शांत वर्षांत सामान्य गुंतवणूकदारांचाही भरपूर पैसा अशा साधनांत आला. या नोटेच्या रचनेत एक खाच होती. फ्युचर्स वाढले की तिचं मूल्य घटतं, पण विकलेल्या फ्युचर्सचा बोजा वाढतो. प्रमाण जुळवण्यासाठी त्याच संध्याकाळी फ्युचर्स विकत घ्यावेच लागतात. ५ फेब्रुवारी २०१८ ला एस अँड पी ५०० सुमारे चार टक्क्यांनी पडला. व्हिक्स १७.३१ वरून ३७.३२ वर गेला. बाजार बंद होण्याच्या सुमारास या साधनांना एकदम प्रचंड खरेदी करायची होती, विकणारे थोडे होते आणि काय येणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या खरेदीने फ्युचर्स चढले, चढल्यामुळे खरेदी आणखी वाढली. एक्सआयव्हीचं नव्वद टक्क्यांहून अधिक मूल्य एका संध्याकाळीत गेलं आणि काही दिवसांत ती बंद झाली. त्या दिवशीच्या रेषेचा बराच उलटेपणा विकणाऱ्यांच्या अडचणीतून आला होता. तो अर्थव्यवस्थेबद्दलची भीती म्हणून वाचणं चूक ठरलं असतं.

५ ऑगस्ट २०२४ ला याच्याहून सूक्ष्म गफलत झाली. जपानने व्याजदर वाढवले होते, स्वस्त येन उधार घेऊन उभे केलेले सौदे उलगडत होते आणि निक्केई त्या दिवशी बारा टक्क्यांहून अधिक पडला. अमेरिकेचा बाजार उघडण्याआधी व्हिक्स ६५.७३ दाखवत होता. व्हिक्सच्या हिशेबात प्रत्येक स्ट्राइकच्या बिड आणि आस्कचा, म्हणजे घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावांचा, मध्य घेतात. पहाटेच्या पातळ बाजारात डीलरांनी दूरच्या पुटचे आस्क खूप वर नेले, त्यामुळे व्यवहार न होताही मध्य वर गेला. फ्युचर्स, ज्यांत खरे पैसे लावावे लागतात, त्या प्रमाणात चढलेच नाहीत. निर्देशांक आणि जवळचे फ्युचर्स यांच्यात एवढी दरी दिसली की आधी बिड-आस्कमधलं अंतर तपासायचं. त्या संध्याकाळी व्हिक्स ३८.५७ वर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी २८ च्या खाली होता.