पाठवणारा कोण? ईमेल आणि ग्राहकाचं खातं जोडण्यामागची गोष्ट

ग्राहकाने संपर्क साधला की त्याचं खातं आपोआप समोर उघडण्याची सोय आधी फोनवर आली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टोल-फ्री कॉलसोबत फोन करणाऱ्याचा नंबरही कंपनीच्या यंत्रणेपर्यंत पोचू लागला. त्या नंबरावरून ग्राहकाची नोंद शोधायची आणि एजंटने ‘हॅलो’ म्हणायच्या आत ती पडद्यावर उघडायची, याला कॉल सेंटरमध्ये ‘स्क्रीन पॉप’ म्हणतात. पुढे तक्रारी ईमेलने येऊ लागल्या तेव्हा तीच सोय तिथेही हवी झाली. नंबराच्या जागी `From` मधला पत्ता घेतला की झालं, असं वाटलं.

पण नंबर टेलिफोन कंपनी लावते आणि `From` ची ओळ पाठवणाराच भरतो. 1982 साली RFC 822 या इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजाने ईमेलचा साचा ठरवला, तेव्हा ही ओळ वाचणाऱ्या माणसासाठी होती, डेटाबेसच्या चावीसाठी नव्हती. मजकूर ज्याचा त्याचं नाव `From` मध्ये, प्रत्यक्ष पाठवणारा वेगळा असेल तर (साहेबांच्या वतीने सेक्रेटरी, असं समजा) त्याचं `Sender` मध्ये आणि उत्तर कुठे पाठवायचं ते `Reply-To` मध्ये. म्हणजे ‘कोणाकडून आलं’ याला एकाच पत्रात तीन उत्तरं असू शकतात, हे पहिल्यापासूनच मान्य होतं.

सुरुवातीच्या हेल्पडेस्क प्रणालींनी हा प्रश्न बाजूने टाळला. 1996 साली सुरू झालेल्या ‘रिक्वेस्ट ट्रॅकर’मध्ये विषयाच्या ओळीत `[example.com #4821]` अशी खूण असते आणि उत्तर आलं की ती वाचून पत्र जुन्या तिकिटाला, म्हणजे त्या तक्रारीच्या नोंदीला, जोडलं जातं. युक्ती आजही चालते, पण तिने संभाषण ओळखता येतं, माणूस नाही. तोच ग्राहक महिन्याभराने नवीन विषय घालून लिहितो तेव्हा विषयाची खूण नसते आणि पुन्हा पत्त्याकडेच यावं लागतं.

पत्त्यावर विसंबल्याने काय होतं ते आमच्याच कामात पाहिलं. संपर्क फॉर्म भरला की आमचा सर्व्हर असं पत्र पाठवत असे:

```
From: "Website" <noreply@shop.example>
Reply-To: Accounts+bill@client.example
```

नियम होता: `From` जुळलं तर ती नोंद उघडा, नाही तर नवीन ग्राहक तयार करा. पहिल्या फॉर्मने `noreply@shop.example` नावाचा एक ग्राहक जन्माला घातला आणि त्यानंतरचा प्रत्येक फॉर्म इमानेइतबारे त्याच्याच खात्यावर जमा होत गेला. कुठेही एरर नाही. पत्र उघडलं की शेजारी भरगच्च इतिहास दिसे, फक्त तो दुसऱ्यांचा असे. एका सहकाऱ्याने एकाच्या ऑर्डरचा तपशील दुसऱ्याला कळवला, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. असा बिघाड शोधायची खूण साधी आहे: एकाच नोंदीखाली पत्रं अफाट आणि सह्या मात्र वेगवेगळ्या नावांच्या.

दुरुस्ती केली ती अशी. `From` आपल्याच डोमेनचं असेल तर त्याला ग्राहक मानायचंच नाही, `Reply-To` पाहायचं. मग पत्ता लहान अक्षरांत आणायचा. प्रमाणानुसार `@` च्या आधीच्या भागात लहान-मोठी अक्षरं वेगळी धरायची मुभा आहे, पण व्यवहारात तसं जवळजवळ कोणी करत नाही. `+bill` ही पत्त्याला जोडलेली शेपूट मात्र थेट कापून टाकायची नाही, आधी पूर्ण पत्ता शोधायचा, तो सापडला नाही तरच शेपूट काढून पुन्हा बघायचं. जीमेल नावामधली टिंबंही मोजत नाही, पण हा नियम सगळ्या डोमेनना लावला तर दोन वेगळी माणसं एक होतात.

इतकं करून `accounts@client.example` मिळतो. पण हा पत्ता एकाच हिशेबनीसाचा आणि तो सांभाळतो दोन कंपन्या, म्हणजे दोन खाती. इथे प्रणालीने दोन्ही नावं दाखवून थांबावं. अलीकडचं खातं आपोआप उघडणं सोपं वाटतं, पण माझ्या मते कोरं पान परवडलं, चुकीचा इतिहास नको, कारण कोऱ्या पानावर माणूस निदान विचारतो.

मग नाव खोटं लिहिण्याचा प्रश्न. एसपीएफ, डीकेआयएम आणि 2015 साली RFC 7489 म्हणून प्रसिद्ध झालेलं डीमार्क या तपासणीच्या पद्धतींमुळे `From` मधलं डोमेन खरं आहे की नाही हे बऱ्याच अंशी तपासता येतं. गंमत म्हणजे 2014 च्या एप्रिलमध्ये याहूने डीमार्कचं कडक धोरण लावल्यावर, म्हणजे तपासणीत नापास होणारी पत्रं नाकारायला सांगितल्यावर, सदस्यांची पत्रं पुढे पाठवणाऱ्या अनेक मेलिंग लिस्टनी सदस्यांच्या पत्रांवर `From` मध्ये स्वतःचाच पत्ता घालायला सुरुवात केली, म्हणजे आमच्या फॉर्मचीच गत. शिवाय ही तपासणी डोमेनपुरती असते. `accounts@` च्या पलीकडे आज नेमकं कोण बसलं आहे, हे तिला कळत नाही. त्यामुळे तपासणी पास झालेल्या पत्राशेजारी आम्ही ऑर्डरचा इतिहास दाखवतो, पण बँक खातं बदलायची विनंती असेल तर नोंदीतल्या जुन्या नंबरावर फोन करतो.