टीव्हीवर उभी रेघ किंवा काळा डाग: दोष पडद्याचा, वायरचा की बॉक्सचा?

आमच्या दुकानात टीव्ही घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण निदान घरूनच करून येतात. "काही नाही हो, केबल ढिली असेल." कधी ते खरेही असते. पण पडद्यावर एकाच जागी ठाम उभी असलेली रेघ केबलमुळे आलेली आम्ही जवळजवळ कधीच पाहिलेली नाही. तसे का, आणि घरबसल्या स्क्रू ड्रायव्हर न उचलता किती कळू शकते, हे या पत्रकात सांगतो. बडोद्यात रावपुऱ्यातून किंवा मांडवीहून रिक्षात टीव्ही सांभाळत आणण्याआधी पाच मिनिटे काढून हे वाचा. कधी कधी ती फेरीच वाचते.

आधी पडद्याची रचना थोडी समजून घेऊ. साध्या फुल एचडी टीव्हीत आडवे 1920 ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. म्हणजे काचेत वरपासून खालपर्यंत जाणारे 5760 उभे स्तंभ झाले. या स्तंभांना विद्युत संकेत पोचवण्यासाठी काचेच्या वरच्या किंवा खालच्या कडेला मऊ प्लास्टिकच्या छोट्या फिल्म चिकटवलेल्या असतात आणि प्रत्येक फिल्मवर एक चिप बसवलेली असते. आमच्या धंद्यात त्यांना सीओएफ म्हणतात, काही मेकॅनिक टॅब म्हणतात. एकेक फिल्म शेकडो स्तंभ सांभाळते. त्यातला एक सांधा सुटला की एक स्तंभ बिघडतो आणि तुम्हाला केसासारखी रेघ दिसते. 43 इंची टीव्हीत पडद्याची रुंदी साधारण 95 सेंटीमीटर, तिला 1920 ने भागले की एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. रेघ तेवढीच बारीक असेल तर बिघाड एकाच स्तंभाचा आहे.

आता वायरकडे या. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल असो की टीव्हीच्या आत मदरबोर्डपासून पडद्याला संकेत वाटून देणाऱ्या टी-कॉन बोर्डापर्यंत जाणारी चपटी रिबन असो, दोन्हींतून सगळ्या पडद्याचे चित्र ठिपक्यामागून ठिपका असे रांगेने जाते. एका तारेत दोष आला की तो त्या रांगेतल्या सगळ्या ठिपक्यांना लागतो. मग रंग उलटे दिसतात, चेहरे हिरवट होतात, सगळ्या पडद्यावर जाळी पडते, चांदण्या चमकतात, चित्र क्षणभर जाऊन परत येते. फक्त डावीकडून 1200 व्या स्तंभालाच त्रास द्यायचा आणि शेजारच्या 1201 ला सोडून द्यायचे, हे त्या वायरला जमणार नाही. ते जमते काचेला आणि तिच्या कडेच्या फिल्मला, कारण तिथे प्रत्येक स्तंभाची वाट वेगळी असते. उरलेल्या सगळ्या चाचण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली चाचणी रिमोटच्या मेनू बटणाची. मेनू उघडा. तो टीव्ही स्वतः काढतो, सेट-टॉप बॉक्सचा त्याच्याशी संबंध नसतो. रेघ मेनूच्या चौकटीवरूनही तशीच सरळ जात असेल तर बॉक्स, डिश आणि एचडीएमआय केबल निर्दोष सुटले. मेनू स्वच्छ आणि बाकीचे चित्र मात्र खराब असेल तर दोष बाहेरचा. मग दुसरी केबल, टीव्हीचे दुसरे एचडीएमआय पोर्ट, पेन ड्राइव्हवरचा एखादा व्हिडिओ, या क्रमाने बघा. काही टीव्हींत सेटिंगमध्ये Picture Test असा पर्याय असतो. तो टीव्हीतलेच एक ठरावीक चित्र दाखवतो, तोही याच कामाचा. पावसात चौकोनी ठोकळे पडणे, चित्र गोठणे हे डिशच्या सिग्नलचे लक्षण आहे, त्यासाठी आम्हाला बोलावू नका. आणि जुन्या कार्यक्रमांत दोन्ही बाजूंना दिसणारे रुंद काळे पट्टे हा बिघाडच नाही. ते चित्रीकरणच चौकोनी पडद्यासाठी झालेले असते. या "बिघाडा"साठी आमचा माणूस तीन जिने चढून आला आहे, म्हणून लिहिले.

मेनू चाचणीला एक मर्यादा आहे. रेघ मेनूवरूनही जाते म्हटल्यावर दोष टीव्हीच्या आत आहे एवढेच ठरते, पॅनेलच, म्हणजे काच आणि तिच्या कडेच्या फिल्म, गेले असे लगेच ठरत नाही. इथे रेघेचा आकार बघावा लागतो. एकच बारीक रेघ असेल तर आमची खात्री जवळजवळ पूर्ण असते: फिल्मचा सांधा किंवा काच. बरोबर अर्धा पडदा बिघडला असेल तर आशा ठेवा, कारण अनेक टीव्हींत टी-कॉनपासून डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागाला दोन वेगळ्या पट्ट्या जातात आणि त्यातली एक सैल किंवा काळवंडलेली असू शकते. चार बोटे ते वीतभर रुंदीचा, सरळ कडांचा पट्टा असेल तर मात्र बाहेरून सांगता येत नाही. एका फिल्मच्या ताब्यातला सगळा भाग गेला की असा पट्टा दिसतो, पण तिच्यापर्यंत येणाऱ्या जोडणीतही दोष असू शकतो. तो टीव्ही उघडूनच पाहावा लागतो. फोनवर छातीठोकपणे सांगणारा मेकॅनिक भेटला तर जरा सावध राहा.

काळ्या डागांची गोष्ट वेगळी. पडद्याची काच स्वतः उजेड देत नाही. तिच्या मागे एलईडी बल्बांच्या पट्ट्या असतात, त्यांना बॅकलाइट म्हणतात. डाग काचेचा की मागच्या दिव्याचा हे ओळखायला फिक्या रंगाचे हलते चित्र लावा, खोलीतला दिवा बंद करा आणि डागावर मोबाइलची टॉर्च तिरकी धरा. डागाच्या आत चित्र पुसट का होईना हलताना दिसले आणि डागाची कड धूसर असली तर काच शाबूत आहे, मागचा एलईडी विझला आहे. हे दुरुस्त होते. याउलट शाई सांडल्यासारखा काळा डाग, धारदार कड, आत काहीच दिसत नाही, आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या रेघा निघालेल्या, असे असेल तर काच आतून फुटली आहे. वरून बोट फिरवले तर गुळगुळीत लागेल, म्हणून "काही लागलेलं नाही" असे घरचे मनापासून सांगतात. मुलाने फेकलेले रिमोट तेवढ्यासाठी पुरेसे असते. हा डाग पुढे पसरू शकतो आणि त्यावर पॅनेल बदलण्याशिवाय उपाय नाही.

बॅकलाइटचे आणखी एक. पट्टीतले एलईडी एकामागे एक साखळीत जोडलेले असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला तर तोच विझतो आणि तुम्हाला गोल सावली दिसते. तोच जर तुटून ओपन झाला तर साखळीच तुटते. आवाज चालू आणि पडदा काळाकुट्ट. टॉर्च धरून बघा, चित्र चालूच असते. काळ्याऐवजी पांढरे फटक ठिपके दिसत असतील तर एलईडीवरची छोटी भिंग-टोपी गळून पडली आहे. तेही आमच्या हातचे काम आहे.

मागच्या दिवाळीनंतरचा एक टीव्ही सांगतो, त्यात दोन्ही प्रकार एकत्र होते. दांडिया बाजारातल्या एका काकूंचा 43 इंची संच, साडेतीन वर्षे वापरलेला. उजव्या कडेपासून वीतभर आत हिरवी रेघ, खाली डावीकडे ताटलीएवढी सावली. केबलवाल्याने बॉक्स बदलून दिला, मुलाने नवी एचडीएमआय आणली, फरक शून्य. आम्ही मेनू उघडला, रेघ त्यावरून सरळ गेली. रेघेची जाडी एका ठिपक्याची. रेघ जिथे खालच्या कडेला मिळते तिथे प्लास्टिकच्या फ्रेमवर हलकेच बोट ठेवल्यावर ती लुकलुकली, म्हणजे सांधा तिथेच. काकूंना विचारले, "पडदा कशानं पुसता?" म्हणाल्या, "काच पुसायचा स्प्रे. दिवाळीला चांगला दोनदा मारला." तो स्प्रे काचेवरून ओघळून खालच्या फटीत शिरतो, आणि या मॉडेलमध्ये फिल्म नेमक्या खालीच होत्या. ओलाव्याने त्या सांध्याचे धातू गंजतात आणि रेघ दोन-चार आठवड्यांनी उगवते, त्यामुळे कोणी स्प्रेवर संशय घेत नाही.

सावलीत टॉर्च धरल्यावर चित्र दिसत होते. उघडल्यावर एक एलईडी शॉर्ट निघाला. आम्ही एकच बल्ब न बदलता सगळ्या पट्ट्यांचा संच बदलला, कारण साडेतीन वर्षे तापलेल्या बाकीच्या बल्बांचेही वय झालेले असते आणि एकच नवा घातला तर तो वेगळा चमकतो. रेघेसाठी दोन वाटा होत्या. बाँडिंग मशिनवर फिल्मचा सांधा उष्णता आणि दाब देऊन पुन्हा बसवता येतो, पण ते काम आम्ही करत नाही. बाहेर पाठवतो, आणि ते टिकेलच असे लिहून देत नाही. दुसरी वाट नवे पॅनेल, त्याचा खर्च नव्या टीव्हीच्या निम्म्याहून बराच वर जातो. काकू म्हणाल्या, "राहू दे ती रेघ, बातम्या ऐकायच्याच असतात." आम्हालाही तेच पटले.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांनीही हे लक्षात घ्यावे. टीव्ही वाळवून चालू झाला तरी खालच्या कडेचा गंज चालूच राहू शकतो. पडद्याच्या तळाशी ढगासारखा पांढुरका डाग दिसत असेल तर पाणी काचेमागच्या पातळ प्लास्टिकच्या शीटमध्ये गेलेले आहे.

टीव्ही स्वतः उघडू नका. वीज काढल्यानंतरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये भार उरतो, आणि चालू संचात बॅकलाइटला शंभर व्होल्टपेक्षा जास्त दाब असू शकतो. रेघेवर बोटाने दाबून बघायचा मोह होतो, तोही टाळा. फ्रेमवर हलका स्पर्श वेगळा आणि काचेवर दाब वेगळा. वॉरंटी चालू असेल तर आमच्याकडे यायच्या आधी कंपनीला कळवा, आम्ही सील काढले की ती जाते.

आम्हाला फोटो पाठवताना तीन पाठवा. एक, मेनू उघडलेला असताना पूर्ण पडद्याचा, सहा-सात फुटांवरून. जवळून काढलात तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात लाटा येतात आणि नसलेल्या रेघा दिसतात. दोन, टीव्ही बंद करून टॉर्च तिरकी धरलेला. तीन, मागच्या स्टिकरचा, मॉडेल नंबर वाचता येईल असा. संच आणायचाच असेल तर उभाच आणा, मागे ब्लँकेट लावा आणि उचलताना हात खालून आणि बाजूंनी घाला. रिक्षात मांडीवर आडवा घेऊन आणलेला टीव्ही घरून एका रेघेचा निघतो आणि आमच्या काउंटरवर तीन रेघांचा पोचतो.