आजीचा रंग : एका पत्रामागची पार्श्वभूमी

गेल्या महिन्यात मी मुलुंडहून राजापूरजवळच्या आमच्या गावी आजोबांना पत्र पाठवलं. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, पण चष्मा लावून ते अजून सगळं वाचतात. पत्राची सुरुवात अशी होती : ‘ती. आजोबांस, शि. सा. न. वि. वि. तुमच्या लग्नाच्या फोटोवरून केलेली तसबीर सोबत पाठवते आहे. शालूचा रंग तुम्ही कळवलात तसाच लावलाय. आणि आजीचा रंग आता तिचाच आहे.’

यातलं शेवटचं वाक्य घरातल्या कोणालाच कळलं नाही. ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

फोटो १९६३ सालचा आहे. आजी-आजोबांचं लग्न गिरगावात झालं आणि चार दिवसांनी दोघं तिथल्याच एका स्टुडिओत जाऊन बसले. लग्नात घरी फोटोग्राफर बोलावणं तेव्हा सगळ्यांना परवडत नसे. नवं जोडपं पुन्हा शालू, कोट घालून, मुंडावळ्या बांधून स्टुडिओत जाई आणि एकच चांगला फोटो काढून घेई. आजी खुर्चीत, आजोबा बाजूला उभे, त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर. मागे रंगवलेला पडदा : कमान, खांब आणि लांबवर एक तळं. प्रिंट हाफ प्लेटची, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांची, करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली. रंगीत फोटो तेव्हा आपल्याकडे दुर्मीळ आणि महाग होता. ज्याला रंग हवा असे, तो कृष्णधवल फोटो काढून वर रंगवून घेई.

ही रंगवून घेण्याची रीत फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८३९मध्ये पॅरिसमध्ये फोटोग्राफी जाहीर झाली आणि पुढच्या काही वर्षांतच तिथले कारागीर धातूच्या पत्र्यावरच्या फोटोंतल्या गालांना बारीक ब्रशने रंगाची पूड लावू लागले. मुंबईत ही कला लवकर आली. १८५४मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पिढीतली आपली माणसं. १८५७मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं. म्हणजे कॅमेरा चालवणारे आणि ब्रश चालवणारे एकाच शहरात, जवळजवळ एकाच वेळी तयार होऊ लागले.

फोटो रंगवायचे दोन मार्ग होते. पाश्चात्त्य स्टुडिओंत बहुतेक वेळा पारदर्शक रंग वापरत. फोटोवर कापसाच्या बोळ्याने रंग इतका पातळ चोळायचा की खालच्या छटा दिसत राहतील. आपल्याकडच्या चित्रकारांनी बऱ्याचदा दुसरा मार्ग धरला. ते अपारदर्शक रंगाने फोटो झाकूनच टाकत. कपड्याची जर, दागिन्यांचे खडे, मागचा गालिचा हे सगळं नव्याने रंगवलं जाई आणि फोटो फक्त खालचा सांगाडा उरे. चेहऱ्याला मात्र हात राखून रंग लावत, कारण ओळख चेहऱ्यात असते. अशा तसबिरीकडे पाहताना फोटो कुठे संपला आणि चित्र कुठे सुरू झालं हे सांगणं अवघड जातं. १८९४मध्ये राजा रविवर्मांचा छापखाना मुंबईत निघाला आणि छापील रंगीत चित्रं घरोघरच्या भिंतींवर गेली. देवीच्या चित्राशेजारी घरातल्या माणसांची तसबीर टांगली की तीही तशीच रंगीत असावी असं लोकांना वाटलं असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.

आजोबांनी फोटो रंगवून घेतला नाही. पैसे नव्हते. ती राहिलेली गोष्ट मला करायची होती.

पहिली अडचण काचेची निघाली. आमच्या जुन्या भाड्याच्या खोलीत हा फोटो कितीतरी पावसाळे फ्रेममध्ये काचेला टेकून होता. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. मुंबईच्या दमट हवेत तो पाणी शोषून मऊ होतो आणि काचेला चिकटतो. चिकटला आहे हे बाहेरूनही ओळखता येतं : फ्रेम उजेडात तिरपी धरली की तेवढाच भाग ओला असल्यासारखा गडद आणि चकचकीत दिसतो. आजोबांच्या कोटाच्या खांद्यावर असा रुपयाएवढा डाग होता. अशा वेळी फोटो ओढून काढायचा नाही, नाहीतर जिलेटिन काचेवर राहतं आणि हातात पांढरा कागद येतो. मी काचेसकटच त्या फोटोचा कॅमेऱ्याने फोटो घेतला. दोन बाजूंना दोन दिवे, दोन्ही पंचेचाळीस अंशांत, आणि काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून कॅमेऱ्यापुढे भोक पाडलेलं काळं कापड.

मग खरी अडचण आली. कृष्णधवल फोटोत रंग नसतातच, फक्त उजेड कमी-जास्त असतो. जुन्या प्लेटींना तर लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून आमच्या पणजीच्या फोटोत तिचं कुंकू काळं आहे. पुढच्या फिल्मवर लाल उमटू लागला, पण लाल आणि हिरवा बऱ्याचदा एकाच करड्या छटेत येतात. आजीचा शालू असाच मधल्या करड्या रंगाचा दिसतो. मी लाल धरून चालले होते. धाकटी आजी शपथेवर हिरवा म्हणाली. फोटो दोघींनाही खोटं पाडू शकत नव्हता. स्टुडिओतले रंगारी हे जाणून होते, म्हणून गिऱ्हाईक ऑर्डर देतानाच ते कपड्यांचे, डोळ्यांचे रंग लिहून घेत. कोणीतरी आठवून सांगितल्याशिवाय रंगकाम सुरूच होऊ शकत नाही.

मी आजोबांना पत्राने विचारलं. उत्तर पोस्टकार्डावर आलं : ‘शालू लाल नाही, हिरवाही नाही. आंब्याला कोवळी पालवी फुटते तेव्हा ती जशी तांबूस असते, तसा होता. काठ जांभळा.’ आजीच्या ट्रंकेत त्या शालूच्या काठाची एक पट्टी उरली आहे. उजेडाने ती वरून विटकी तपकिरी झाली आहे. मी तिची आत दुमडलेली शिवण उसवून पाहिली. दुमडीच्या पोटात, जिथे साठ वर्षं ऊन पोचलं नव्हतं, तिथे बोटभर जांभळा होता आणि त्याला लागून तांबूस. मी बराच वेळ ती पट्टी हातात धरून बसले होते.

त्याच पोस्टकार्डाच्या शेवटी, कडेला उभं लिहिलेलं एक वाक्य होतं : ‘ती सावळी होती. फोटोवाल्याने गोरी केली, तिला ते कधी आवडलं नाही.’

हे कसं केलं जाई ते सांगते. त्या काळात स्टुडिओत निगेटिव्हवर रिटचिंग करत. निगेटिव्हवर आधी एक चिकट वॉर्निश लावायचं, म्हणजे शिसपेन्सिल धरते. मग टोकदार पेन्सिलीने चेहऱ्याच्या जागी बारीक रेघा, ठिपके भरत जायचं. निगेटिव्हवर जे काळं होतं ते प्रिंटमध्ये उजळ येतं. सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं अशीच जात. नवरीचा चेहरा सगळाच उजळायचा हा तर जणू नेमच होता. पण हे काम वेळखाऊ असल्यामुळे ते करणारे सहसा चेहऱ्यावरच थांबत. आजीच्या फोटोत तेच झालंय. स्क्रीनवर तिचा चेहरा आणि मांडीवरचे हात शेजारी ठेवले, तेव्हा ती दोन वेगळ्या बायकांची अंगं वाटली. काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला २५५ धरलं, तर गालावर २०५ आणि त्याच उजेडातल्या हाताच्या पंजावर १५२. हिरव्या चुड्याखालचा तो हात खरा होता.

चेहऱ्याची छटा मी त्या हातावरून घेतली. नुसता चेहरा गडद करून भागलं नाही, कारण पेन्सिलीने नाकाशेजारच्या आणि हनुवटीखालच्या सावल्याही पुसल्या होत्या. त्या मला आईच्या चेहऱ्यावरून भराव्या लागल्या, तिला खिडकीशी त्याच कोनात बसवून. इथे मी अंदाजाने रंगवलंय हे मी पत्रात आजोबांना लिहिलं आहे.

चित्रासारखा पोत आणायला आधी मी तयार फिल्टर वापरून पाहिला होता. त्याने सगळीकडे एकाच मापाचे फटकारे मारले. मुंडावळ्यांचे मोती केसांत मिसळले आणि नथ गालावरचा डाग झाली. ते सोडून टॅब्लेटवर हाताने रंगवायला बसले. करड्या फोटोवर थेट रंग चढवला तर कातडी राखेसारखी मेलेली दिसते, विशेषतः सावलीत. जुन्या रंगाऱ्यांनाही ही अडचण यायची, म्हणून ते रंगवण्याआधी प्रिंट सेपियात उतरवत. त्यात फोटोतल्या चांदीचं सल्फाइड होतं, कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि काळ्याचा ऊबदार तपकिरी होतो. मी तेच रसायनाविना केलं : आधी सगळा फोटो तपकिरी, मग त्यावर रंग. चेहरे आणि हात पातळ, पारदर्शक थरांत. शालू, कोट आणि पडद्यावरचं तळं मात्र दाट, झाकून टाकणाऱ्या रंगात, आपल्या जुन्या तसबिरींसारखं.

आकार बारा बाय सोळा इंच ठेवला. त्याहून मोठं करता आलं असतं, पण मूळ प्रिंटमध्ये आजीचा चेहरा दोन सेंटिमीटरचा आहे. तो पाच सेंटिमीटरचा झाला की फोटोतली माहिती संपते आणि पुढचं सगळं माझ्या मनाचं होतं. कोटाच्या खांद्यावरचा डाग भरून काढला. आजोबांचे कान थोडे पुढे आलेले आहेत, ते तसेच ठेवले.

छपाई कॅनव्हासवर केली. नळीत घालताना छापलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळली, कारण आत ठेवली तर उलगडताना रंगावर सुरकुत्या पडतात. वर बटर पेपर, टोकांना कापूस. पत्राच्या तळाशी लिहिलं : ‘भिंतीवर लावण्याआधी ओटीवर सकाळच्या उजेडात बघा. पालवीचा रंग जास्त लाल झाला असेल तर कळवा, मी पुन्हा करीन. फ्रेम करताना काच टेकू देऊ नका, मधे पट्टी घालायला सांगा.’

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. ‘शालू बरोबर. काठ थोडा अजून काळपट होता. ती बरोबर.’