आरपार वायुवीजन

खोलीच्या एका बाजूच्या खिडकीतून आत आलेली हवा दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून, दारातून किंवा झरोक्यातून बाहेर पडणे, आणि हा प्रवाह पंख्याविना केवळ वाऱ्याच्या दाबफरकावर चालू राहणे, याला आरपार वायुवीजन म्हणतात. उष्ण व दमट किनारपट्टीवरील घरांसाठी ते विशेष उपयोगी आहे, कारण तेथे तापमान फारसे न उतरताही अंगावरून वाहणारी हवा घाम सुकवते आणि उकाडा सुसह्य करते.

दाबफरक कसा निर्माण होतो. वाहता वारा इमारतीच्या भिंतीवर आदळला की त्याची गती मंदावते आणि त्या भिंतीवर सभोवतालच्या हवेपेक्षा किंचित अधिक दाब येतो. अडलेली हवा मग बाजूंनी व छतावरून वळसा घालून वेगाने निघते आणि कडांपाशी भिंतीपासून सुटते. त्यामुळे बाजूच्या भिंतींवर आणि वाऱ्याआडच्या, म्हणजे मागच्या, भिंतीवर दाब सभोवतालापेक्षा कमी होतो. हा फरक अगदी लहान असतो. सेकंदाला ३ मी. वेगाच्या वाऱ्याचा गतिजन्य दाब सुमारे ५.४ पास्कल भरतो, तर वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या वर असतो. तरीही एवढा फरक खोलीतील हवा हलवायला पुरतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे वाऱ्याचा वेग निम्मा झाला की दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. खिडकीतून जाणारी हवा मात्र दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने ती निम्मीच होते.

यावरून खिडकीच्या जागेचे महत्त्व स्पष्ट होते. वाऱ्याकडच्या भिंतीत कितीही मोठी खिडकी ठेवली आणि बाकी खोली बंद राहिली, तर खोलीतील दाब बाहेरच्या दाबाइतका चढतो आणि हवा तेथेच थबकते. अशा खोलीत उभे राहिल्यास खिडकीपाशी झुळूक जाणवते व दोन पावले आत सरकताच ती नाहीशी होते. हवा आत यायची तर तिला बाहेर पडायला कमी दाबाच्या भिंतीत वाट हवी. घर बांधताना आत येणाऱ्या वाऱ्याचा विचार सगळेच करतात. बाहेर जाणाऱ्या हवेचा विचार फार थोडे करतात, आणि बहुतेक कोंदट खोल्यांचे मूळ तेथेच असते.

एका खोलीचे गणित. ३ मी. रुंद, ४ मी. लांब व ३ मी. उंच खोलीत ३६ घ.मी. हवा मावते. तिच्या समोरासमोरच्या भिंतींत प्रत्येकी १.२ मी. × १.२ मी. मापाची सरकती खिडकी आहे असे मानू. सरकत्या खिडकीची एकावेळी निम्मीच चौकट उघडते, म्हणून प्रत्यक्ष वाट ०.७२ चौ.मी. उरते. दाट वस्तीत भिंतीपर्यंत पोचणारा वारा सेकंदाला अवघा १ मी. वेगाचा धरला आणि दोन भिंतींमधील दाबफरक त्या वाऱ्याच्या गतिजन्य दाबाच्या ०.६ पट घेतला, तरी खोलीतील हवा तासाला सुमारे २४ वेळा बदलते. आता मागची खिडकी काढून तिच्या जागी ४५ सेंमी. लांबी-रुंदीचा उघडा झरोका ठेवला, तर पुढच्या खिडकीला हात न लावताही हा आकडा ९ च्या आसपास येतो. मागची वाट पूर्ण बंद केली की एकाच खिडकीतून होणारी देवाणघेवाण तासाला जेमतेम दोन वेळांवर उतरते. उलट, मागची वाट दुप्पट मोठी केली तर २४ चे साधारण ३० होतात, त्याहून फार नाही. दोन वाटांपैकी जी लहान असेल तीच प्रवाहाला आवर घालते, म्हणून एकीकडे अवाढव्य खिडकी आणि दुसरीकडे फट ही रचना खर्चाच्या मानाने फारच थोडे देते.

जागा, उंची आणि छज्जा. वारा भिंतीवर काटकोनातच यावा असे नाही. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार काटकोनापासून ३० अंशांपर्यंतच्या तिरकसपणाने वाऱ्याचा लाभ कमी होत नाही. वारा सरळ येत असेल आणि दोन्ही खिडक्या नेमक्या समोरासमोर असतील, तर हवा अरुंद झोताच्या रूपात निघून जाते व खोलीचे कोपरे तसेच राहतात. मागची खिडकी थोडी बाजूला सरकवली की झोत वळतो व अधिक जागा व्यापतो. हवा आत घेणारी खिडकी बसणाऱ्या-झोपणाऱ्या माणसाच्या उंचीला असावी. संहितेत खाटेवर बसणाऱ्यांसाठी खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून सुमारे ०.६० मी. आणि जमिनीवर बसणाऱ्यांसाठी ०.४० मी. सुचवला आहे.

खिडकीच्या डोक्याला अगदी भिंतीशी चिकटून काढलेला छज्जा येथे घात करतो. एरवी भिंतीवरून खाली घसरणारी हवा आत शिरणाऱ्या झोताला खाली दाबत असते. छज्जा ती अडवतो, त्यामुळे झोत वर छताकडे चढतो आणि खाटेवरच्या माणसाला काहीच लागत नाही. छज्जा व भिंत यांत थोडी फट ठेवल्यास झोत पुन्हा खाली येतो. मच्छरदाणीची बारीक जाळीही प्रवाह बराच घटवते, आणि वारा मंद असेल तेव्हा ही घट अधिक जाणवते.

मुंबईतील उदाहरणे. मुंबईत दुपारचा समुद्री वारा व पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेच्या अंगाने येतात. एका बाजूला सामाईक गॅलरी आणि मागे खिडकी असलेल्या चाळीत दार उघडे ठेवले की खोली आरपार वाहते. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत मात्र मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या आहेत. तेथे प्रत्येक खोलीला बाहेरची एकच भिंत मिळते, आणि आपले दार व समोरच्या शेजाऱ्याचे दार दोन्ही उघडे असतील तरच वाऱ्याला वाट सापडते. खाजगीपणा आणि वारा यांतली ही ओढाताण आजच्या उंच इमारतींतल्या, मधल्या बोळावर उघडणाऱ्या सदनिकांतही तशीच आहे. कंबाला हिलवरील कांचनजंगा या १९८३ साली पूर्ण झालेल्या इमारतीत चार्ल्स कोरिया यांनी सदनिका पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सलग नेल्या. वारा ज्या दिशेने मिळतो त्याच दिशेने तिसऱ्या प्रहरचे ऊन व पावसाची झोडही येते. म्हणून कोपऱ्यांत दुमजली उंचीचे खोल व्हरांडे ठेवून त्यांनी वारा आत घेतला आणि ऊन-पाऊस बाहेर थोपवला.

तपासणी व मर्यादा. घरातील प्रवाह पाहायला पेटती उदबत्ती पुरते. ती वाऱ्याकडच्या खिडकीच्या आत हातभर अंतरावर धरावी: धूर आडवा होऊन खोली ओलांडत गेला तर वाट मोकळी आहे, तो तेथेच गिरक्या घेऊन वर चढला तर बाहेर पडायची जागा बंद आहे, किंवा शेजारच्या इमारतीच्या आडोशामुळे दोन्ही खिडक्यांवर सारखाच दाब आहे. असा आडोसा असेल तेव्हा खिडकी मोठी करून उपयोग होत नाही. धूर उलट्या दिशेने, स्वयंपाकघराकडून बैठकीकडे येत असेल, तर स्वयंपाकघर वाऱ्याकडच्या अंगाला आहे असे समजावे. ते व न्हाणीघर नेहमी हवा बाहेर पडते त्या अंगाला असावे. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी बाहेरची हवा त्वचेच्या तापमानाहूनही तापलेली असते, तेव्हा आरपार वारा घर तापवतो. तेथे दिवसा खिडक्या बंद ठेवून रात्री उघडाव्या लागतात, म्हणजे भिंतींनी दिवसभर साठवलेली उष्णता थंड हवेबरोबर निघून जाते.