आवकेनुसार हप्ता

आवकेनुसार हप्ता म्हणजे कर्जाची फेड ठरावीक रकमेत न करता त्या महिन्यात हाती आलेल्या पैशाच्या ठरावीक हिश्शात करण्याची पद्धत. रोजंदारी, हमाली, वेचणी किंवा डिलिव्हरीवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी ही कल्पना मांडली जाते. खान्देशात ती विशेष लागू पडते, कारण इथल्या मजुराची आवक कपाशीच्या हंगामाबरोबर चढते आणि उतरते.

दिवाळीच्या सुमारास वेचणीला जोर येतो, जिनिंग सुरू होतात आणि फेब्रुवारीपर्यंत घरातल्या दोघांनाही काम असते. मार्चनंतर रोजचे काम मिळणे अवघड होते. नेमकी याच ओढीच्या दिवसांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. लेकी माहेरी येतात, घरात चार पैसे लागतात. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचे जुने साल संपून नवे ठरते तेही आखाजीलाच, आणि नव्या सालाची उचल अनेकदा मागची देणी फेडण्यातच जाते.

गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र डिसेंबरात जेवढा, तेवढाच एप्रिलमध्येही असतो. मग बाई गळ्यातली पोत गहाण ठेवते किंवा दुसऱ्या गटातून कर्ज काढून पहिल्याचा हप्ता भरते. कर्जदार बुडव्या नसतो, त्याचा महिना चुकीचा निवडलेला असतो.

समजण्यासाठी एक काल्पनिक घर घेऊ. नवरा जिनिंगमध्ये हमाल, बायको वेचणी-निंदणीला जाते. वर्षाची मिळकत 1,44,000 रुपये, म्हणजे सरासरी महिना 12,000. पण डिसेंबरात हाती 22,000 येतात आणि एप्रिल-मे मध्ये 5,000च. जूनच्या सुरुवातीला या घराने 20,000 रुपये घेतले, व्याज महिना 2 टक्के, उरलेल्या मुदलावर. बारा महिन्यांच्या समान हप्त्याने महिन्याला सुमारे 1,890 रुपये पडतात. डिसेंबरात तो मिळकतीचा अकरावा हिस्साही नाही, एप्रिलमध्ये मात्र तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहे. त्याऐवजी मिळकतीच्या 16 टक्के भरायचे ठरवले, तर जूनमध्ये 1,440, डिसेंबरात 3,520 आणि एप्रिलमध्ये 800 रुपये जातात. मे महिन्यात उरलेले 400 भरले की कर्ज संपते. दोन्ही पद्धतींत एकूण व्याज 2,650 रुपयांच्या आसपास येते. म्हणजे लवचीकपणासाठी जादा व्याज लावण्याचे कारण या हिशेबात तरी दिसत नाही. हेच कर्ज मार्चमध्ये घेतले, तर सुरुवातीला मुद्दल हळू उतरते आणि व्याज वाढते. म्हणून कर्ज कोणत्या महिन्यात दिले, यालाही महत्त्व आहे.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूक्ष्मवित्त नियमांत याला वाट आहे. वार्षिक 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या कर्जात हप्ते किती दिवसांनी भरायचे हे त्याच्या गरजेनुसार लवचीक ठेवण्याचे धोरण संस्थांनी ठरवायचे असते. सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असावेत, असाही दंडक आहे. पण तो सरासरीवर मोजला, तर वरच्या घराला 6,000 रुपयांपर्यंतचे हप्ते बसतात, आणि एप्रिलची सगळी मिळकतच 5,000 आहे. या घरासाठी मर्यादा सर्वांत रोड महिन्यावरून मोजायला हवी.

खरी अडचण आवक दिसण्याची आहे. डिलिव्हरी करणाऱ्याचे पैसे खात्यात येतात, त्यामुळे हिस्सा तिथेच वळता करता येतो. माथाडी मंडळात नोंद असलेल्या हमालाची मजुरी मंडळामार्फत येते, तिथेही हे जमते. वेचणीची मजुरी मात्र किलोवर आणि रोख असते. तिथे मजुराने सांगितलेल्या आकड्यावरच विसंबावे लागते, आणि कमी सांगण्याचा मोह होतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे हंगामाचे दोन दर आधीच ठरवणे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी मोठा हप्ता, इतर महिन्यांत लहान. यात आवक तपासावी लागत नाही. पण पाऊस लांबला किंवा बोंडअळी आली, तर हे वेळापत्रकही चुकते. वेचणी सुरू असताना हप्ता अडला, तर दुखणे किंवा दुसरे कर्ज आहे का ते पाहावे. एप्रिलमध्ये अडला, तर आधी वेळापत्रकच तपासावे.

बचतीतही हाच पेच आहे. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत चार हप्ते चुकले की खाते खंडित होते, आणि ते पुन्हा चालू करायला दोनच महिने मिळतात. पिग्मी या लोकांना अधिक सोसते, कारण एजंट रोज दारात येतो आणि काम नसेल त्या दिवशी काही दिले नाही तरी चालते. मात्र ती कुठे भरतो हे पाहावे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. जळगाव जिल्ह्यात अनेक पतसंस्थांच्या ठेवीदारांना आपल्याच पैशासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागले आहेत.