मोठा ब्रेकडाउन आणि अर्ध्या मिनिटाचा थांबा: ओईईमध्ये कोणता कुठे जातो?

फरसाणाचे पाऊच भरणाऱ्या मशीनचा सीलिंग हीटर जळाला आणि लाइन २० मिनिटं उभी राहिली, तर ते सगळ्यांना दिसतं. मेंटेनन्सवाला धावत येतो, लॉगबुकात नोंद होते. त्याच मशीनवर फिल्म जराशी सरकली, सेन्सरला फिल्मवरची खूण सापडली नाही, ऑपरेटरने फिल्म सरळ केली आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा बटण दाबलं, तर त्याची नोंद कुणीच करत नाही. मशीन दोन्ही वेळा थांबलेलंच होतं. तरी ओईई, म्हणजे उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांच्या गुणाकारातून निघणारी मशीनची एकूण कार्यक्षमता, काढताना पहिला थांबा उपलब्धतेच्या खात्यात जातो आणि दुसरा वेगाच्या. नव्या सुपरवायझरचा गोंधळ इथेच होतो, आणि तो होणं साहजिक आहे.

ही विभागणी जपानच्या सेइची नाकाजिमा यांच्या टीपीएम या मशीन-देखभालीच्या पद्धतीतून आली. त्यांनी किरकोळ थांबे आणि मंद चाल यांना एकाच गटात बसवलं. अर्ध्या मिनिटाचा प्रत्येक थांबा हाताने लिहिणं शक्य नसतं. तो कळतो फक्त शेवटी कमी भरलेल्या मालावरून, जणू मशीन हळू चाललं होतं. सीमारेषा प्रत्येक कारखाना स्वतः आखतो. बरेच जण ५ मिनिटं धरतात, काही १०.

एक शिफ्ट मांडून बघू. जेवणाची सुट्टी वजा जाता ठरलेला वेळ ४५० मिनिटं, मशीनचा ठरलेला वेग मिनिटाला ६० पाऊच. चवीचा चेंजओव्हर २५ मिनिटं आणि हीटर २०, असे ४५ मिनिटांचे नोंदलेले थांबे. उरली ४०५, म्हणजे उपलब्धता ९० टक्के. एवढ्या वेळात २४,३०० पाऊच निघायला हवे होते. काउंटरवर दिसतात १९,४४०. वेगाचा आकडा ८० टक्के. सील उघडलेले आणि वजनात बसत नसलेले ४८६ बाजूला काढले, तर गुणवत्ता ९७.५ टक्के. तिन्हींचा गुणाकार ७०.२ टक्के.

आता वेगाच्या खात्यातले ४,८६० पाऊच कुठे गेले? मशीन सलग चालू असताना घड्याळ लावून एका मिनिटाचे पाऊच मोजा, आणि शिफ्टमध्ये चार-पाच वेळा मोजा. समजा दर वेळी ५४ भरले. मग १९,४४० पाऊच भरायला मशीन ३६० मिनिटंच चाललं. म्हणजे ४०५ पैकी ४५ मिनिटं ते उभं होतं, आणि लॉगबुकात त्यातलं एकही मिनिट नाही. सरासरी अर्ध्या मिनिटाचा थांबा धरला तर असे ९० थांबे. लिहिलेल्या दोन थांब्यांनी जेवढा वेळ खाल्ला, तेवढाच या ९० जणांनी खाल्ला. उरलेले २,१६० पाऊच गेले मंद चालीत.

हे ४५ मिनिटांचे थांबे कुणी उपलब्धतेत मोजले तर काय होईल? उपलब्धता ८० टक्के होईल, वेग ९० टक्के, आणि ओईई तोच, ७०.२. म्हणून दोन कारखान्यांचा फक्त उपलब्धतेचा आकडा शेजारी ठेवून तुलना करणं मला पटत नाही. आधी विचारा, सीमारेषा किती मिनिटांची आहे.

खातं वेगळं, तसा उपायही वेगळा. हीटरसाठी सुटा भाग जवळ ठेवायचा, चेंजओव्हरसाठी पुढचा रोल आणि वजनाचं सेटिंग मशीन चालू असतानाच तयार ठेवायचं. ९० थांब्यांना हे काही कामाचं नाही. तिथे अर्धा तास मशीनजवळ उभं राहून प्रत्येक थांब्यापुढे कारणाची एक रेघ ओढावी लागते. फिल्म सरकली, सेन्सरवर मसाल्याची भुकटी बसली, सीलमध्ये शेव अडकली. थांबे एकाच ठिकाणी गोळा होऊ लागले, की दुरुस्ती कुठे करायची ते कळतं. वजनयंत्राकडून माल आला नाही किंवा पुढचा कन्व्हेयर भरला म्हणून मशीन थांबलं असेल, तर ती रेघ वेगळी ठेवा. दोष या मशीनचा नाही.

५४ चा वेगही ऑपरेटरने आळसाने ठेवलेला नसतो. ६० वर सीलला ऊब लागायला पुरेसा वेळ मिळत नाही, पाऊच उघडे निघतात, म्हणून तो वेग उतरवतो आणि गुणवत्तेचं नुकसान वेगाच्या खात्यात सरकतं. अशा वेळी ५४ हाच ठरलेला वेग धरण्याचा मोह होतो. तसं केलं तर त्याच शिफ्टचा ओईई कागदावर ७८ टक्के दिसतो, पण चांगले पाऊच १८,९५४ च राहतात, आणि सील दाबणाऱ्या जॉचं तापमान किंवा दाब तपासायचं कारण कुणालाच दिसत नाही.