काइंडली रिव्हर्ट, डू द नीडफुल : पाठपुराव्याच्या पत्रांतील साचेबंद वाक्प्रयोग

भारतीय कार्यालयीन इंग्रजीत आधीच्या पत्राची आठवण करून देताना किंवा अडकलेले काम पुढे सरकवताना वापरले जाणारे ठरावीक वाक्प्रयोग. ‘काइंडली रिव्हर्ट’ म्हणजे कृपया उत्तर द्या आणि ‘डू द नीडफुल’ म्हणजे जे आवश्यक आहे ते करा. यांच्या गोतावळ्यात ‘जेंटल रिमाइंडर’, ‘अ‍ॅट द अर्लिएस्ट’, ‘ट्रेलिंग मेल’ आणि जोडपत्रासाठीचे ‘प्लीज फाइंड अटॅच्ड द सेम’ हेही येतात. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत हे शब्द बोलण्यातही उतरले आहेत. ‘रिव्हर्ट’ तर मराठीत चक्क नाम झाला आहे. ‘क्लायंटचा रिव्हर्ट आला का?’ हे वाक्य कोणाच्या कानाला खटकत नाही.

‘डू द नीडफुल’ हा भारतात घडलेला प्रयोग आहे असा समज आहे, तो बरोबर नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या ब्रिटिश इंग्रजीत तो सर्रास होता. कंपनी सरकारच्या आणि नंतर ब्रिटिश अमलाच्या पत्रव्यवहारातून तो इथल्या कचेऱ्यांत आला. पुढे विसाव्या शतकात ब्रिटनमधला पत्रव्यवहार बदलला. सरकारी लिखाण लोकांना समजेना, म्हणून तिथल्या अर्थखात्याने अर्नेस्ट गॉवर्स या निवृत्त अधिकाऱ्याकडून साध्या भाषेची एक मार्गदर्शक पुस्तिका लिहून घेतली आणि ती 1948 मध्ये प्रसिद्ध झाली. तिकडे असे प्रयोग जुनाट ठरत गेले. आपल्याकडे मात्र जुन्या फाइलीतला मसुदा समोर ठेवून नवा मसुदा करण्याची पद्धत टिकली, आणि तिच्याबरोबर हा प्रयोगही टिकला. त्यामुळे त्याला ‘चुकीचे इंग्रजी’ म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. त्याची खरी अडचण वेगळी आहे.

ती अशी की, पत्रात विनंती जिथे असायला हवी नेमक्या त्या जागी हा प्रयोग बसतो. जुन्या मराठी पत्रांतही साचे होते. शिवकाळातल्या पत्राच्या शेवटी ‘बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा’ येई. पण तोवर काय करायचे ते वर सविस्तर सांगून झालेले असे, आणि साचा फक्त पत्र मिटवायला येई. ‘नीडफुल’ मजकुराच्या ऐवजी येतो. आवश्यक ते काय, ते कोणी करायचे आणि कधीपर्यंत, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वाचणाऱ्याने शोधायची असतात. एकाच इमारतीतल्या दोन विभागांत हे चालून जाते. लेखा शाखेला बिल पाठवून ‘नीडफुल’ लिहिले, तर बिलाचे काय करायचे हे तिथल्या लिपिकाला पाठवणाऱ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. तिथे या शब्दात थोडा आदरही आहे, कारण तुमचे काम मी तुम्हाला काय शिकवणार, असा त्याचा सूर असतो. मात्र वाचणारा त्या पद्धतीबाहेरचा असला की हा आदर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती फक्त संदिग्धता. कधी कधी लिहिणाऱ्यालाही नेमके काय हवे ते ठरवायचे नसते. अशा वेळी हा शब्द फार सोयीचा पडतो, हेही मान्य करायला हवे.

‘रिव्हर्ट’चा दोष अगदी निराळा आहे. तो संदिग्ध नाही, त्याला दुसराच पक्का अर्थ आहे. प्रमाण इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे असा होतो. कायद्याच्या भाषेत भाडेपट्ट्याची मुदत संपली की जमीन मूळ मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते. बोलता बोलता मूळ मुद्द्याकडे परत येणे यालाही हाच शब्द चालतो, आणि तिथून ‘तुमच्याकडे परत येतो’, म्हणजे उत्तर देतो, हे वळण कसे आले असेल ते सहज कळते. भारतात तसेच सिंगापूर-मलेशियात हा अर्थ रुळला आहे. लंडन किंवा शिकागोच्या वाचकाला तो संदर्भावरून समजतो, पण क्षणभर अडखळून. इंग्रजी शिकून वापरणारा जर्मन किंवा जपानी वाचक कोश उघडतो, आणि कोशात बहुधा पहिला अर्थ ‘पूर्ववत होणे’ हा सापडतो.

सॉफ्टवेअरच्या कामात हा गोंधळ महागात पडू शकतो. तिथे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात `git revert` ही रोजच्या वापरातली आज्ञा आहे. आधी केलेला बदल उलटवणारी नवी नोंद ती तयार करते. समजा, पुण्यातल्या चाचणी करणाऱ्याने बर्लिनमधल्या सहकाऱ्याला लिहिले, ‘प्लीज रिव्हर्ट ऑन द पेमेंट चेंज बाय ईव्हनिंग’. त्याला हवे आहे पेमेंटच्या बदलाबद्दलचे मत. वाचणारा मात्र तो बदल काढून टाका असे समजू शकतो, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याने सांगितलेलेच केले. ‘डन, रिव्हर्टेड’ असे दोन शब्दांचे उत्तर आले की ओळखावे की काहीतरी बिनसले आहे. मत मागितले असते तर उत्तरात मत आले असते. अशा ठिकाणी ‘रिप्लाय’ हा साधा शब्द वापरावा. त्याहून बरे म्हणजे काय उत्तर हवे तेच विचारावे : हा बदल सोमवारी सुरू करायला तुमची हरकत आहे का?

आता एक पत्र उलगडून पाहू. पुण्यातल्या एका लहान कारखान्याने मँचेस्टरच्या ग्राहकाला मालाचे बिल पाठवले आहे. बिलावर टाकायचा खरेदी आदेशाचा क्रमांक ग्राहकाकडून आलेला नाही आणि तो आल्याशिवाय माल निघत नाही. आठवडा गेल्यावर कारखान्यातून मेल जातो : ‘डिअर सर, विथ रेफरन्स टू द ट्रेलिंग मेल, धिस इज अ जेंटल रिमाइंडर. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट अ‍ॅट द अर्लिएस्ट.’ मेल तिघांना गेला आहे. त्यांपैकी खरेदी पाहणारी बाई सर नाही. ‘ट्रेलिंग मेल’ म्हणजे खाली जोडलेला आधीचा मेल हे तिला अंदाजाने कळते. ती खाली जाते, तर तिथे चार मेल आणि तीन वेगवेगळे प्रश्न. बाकीचे दोघे समजतात की ती पाहील, ती समजते की लेखा विभाग पाहील. ‘शक्य तितक्या लवकर’ला तारीख नसल्याने कोणालाच उशीर झालेला नाही. आणखी चार दिवसांनी दुसरा ‘जेंटल रिमाइंडर’ जातो, फक्त ‘जेंटल’ या शब्दातला सौम्यपणा आता ओसरलेला असतो.

हाच मेल नीट लिहायचा तर आधी माणूस निवडावा आणि त्याला नावाने हाक मारावी. बाकीच्यांना प्रत असली तरी चालेल. विषयाच्या ओळीत ‘रिमाइंडर’ऐवजी ‘बिल 214 : खरेदी आदेश क्रमांक हवा’ इतके असले की मेल न उघडताही काम कळते. मग मजकूर : ‘कुड यू प्लीज सेंड मी द पर्चेस ऑर्डर नंबर फॉर इनव्हॉइस 214 बाय थर्सडे, 12 जून? वुई नीड इट टू शिप युअर ऑर्डर ऑन फ्रायडे.’ दोनच वाक्ये आहेत. पहिल्यात काय हवे आणि कधीपर्यंत, दुसऱ्यात का. कारण सांगितल्यामुळे वेगळी घाई करावी लागत नाही, माल शुक्रवारी निघणे हे ग्राहकाच्याच हिताचे आहे. आठवण करून देत आहोत हे सांगायचेच असेल तर ‘मी 3 जूनला विचारले होते’ एवढे पुरते. त्यात टोमणाही नाही आणि लाडीगोडीही नाही.

तारखेत महिना अक्षरांत लिहिण्याला कारण आहे. 5/6 म्हणजे आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये 5 जून, अमेरिकेत 6 मे. ‘ईओडी’ म्हणजे ‘एंड ऑफ डे’, दिवस संपेपर्यंत, याचीही तीच गत. पुण्यातले संध्याकाळचे सहा म्हणजे जूनमध्ये मँचेस्टरला दुपारचा दीड, आणि तिथला दिवस संपतो तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले असतात. कोणाच्या घड्याळाने ते लिहावे, नाहीतर सरळ दुसऱ्या दिवसाची सकाळ द्यावी.

‘काइंडली’ काढून ‘प्लीज’ घालावे, ही सूचना काहींना किरकोळ वाटेल. आपल्याला ‘काइंडली’ अधिक नम्र वाटतो, कारण तो मनात ‘कृपया’च्या जागी बसला आहे. ब्रिटिश किंवा अमेरिकी कानाला मात्र तो सूचनाफलकावरचा, थोडा दटावणीचा लागू शकतो. भामट्यांच्या मेलमध्येही हा शब्द वारंवार दिसतो. अनोळखी ग्राहकाला पहिलाच मेल लिहिताना ही संगत टाळलेली बरी. पण सुटसुटीतपणाच्या नादात ‘सेंड पीओ नंबर टुडे’ असे लिहिले तर तो हुकूम होतो. वाक्य प्रश्नार्थक ठेवून ‘प्लीज’ जोडला की पुरेशी नम्रता येते.

उत्तर देणाऱ्याच्या बाजूचे साचे कमी घातक नाहीत. ‘विल डू द नीडफुल’ या उत्तराला कोणतीही मुदत बांधलेली नसते. ‘क्रमांक खरेदी विभागाकडून मागवला आहे, बुधवारपर्यंत कळवते’ हे उत्तर लांब असले तरी त्यामुळे मधले दोन मेल टळतात.

या प्रयोगांना अजिबात थारा देऊ नये असे नाही. सरकारी पत्रव्यवहाराची स्वतःची घडी आहे. पत्र, मग स्मरणपत्र, मग अर्धशासकीय पत्र अशी चढण असते आणि प्रत्येक पायरीचा मसुदा ठरलेला असतो. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याला ‘आवश्यक त्या कार्यवाहीस्तव सादर’ या शब्दांचा नेमका अर्थ कळतो. तिथे वेगळे काही लिहून उगाच लक्ष वेधण्याचे कारण नाही.

सामान्य नागरिकाच्या अर्जात मात्र ‘योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती’ हा नीडफुलचा मराठी भाऊच ठरतो. गृहनिर्माण सोसायटी प्रभाग कार्यालयाला लिहिते की पाण्याची नळवाहिनी गळत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. अशा अर्जावर ‘पाहणी केली’ असा शेरा मारून तो निकाली काढता येतो, कारण पाहणी हीसुद्धा कार्यवाहीच. त्याऐवजी ‘मुख्य फाटकासमोरच्या वाहिनीचा निखळलेला जोड बदलून द्यावा आणि काम कोणत्या तारखेला होईल ते लेखी कळवावे’ असे लिहिले, तर पाहणीच्या शेऱ्यावर अर्ज बंद करणे अवघड जाते. पुढच्या स्मरणपत्रात मग एवढेच विचारायचे उरते की जोड बदलला का आणि तारीख का कळवली नाही.